ताईला मध्ये घालू नकोस, मेसेज तूच कर

"मी 29 वर्षांचा आहे. मागच्या आठवड्यात ताईचं, म्हणजे माझ्या मामेबहिणीचं लग्न झालं. नवऱ्यामुलाची मावसबहीण आणि मी, आम्हा दोघांवर पाहुण्यांच्या गाड्यांची यादी सांभाळायचं काम आलं होतं. दिवसभर सोबत होतो, भरपूर गप्पा झाल्या. काम संपल्यावरही रात्री जेवताना ती माझ्याच शेजारी येऊन बसली. मोठेपणी पोहायला शिकतेय, खोल पाण्याची अजून भीती वाटते, असं सांगत होती. आधी अहो-जाहो चाललं होतं, मग तिनेच 'तू' म्हणायला सुरुवात केली. निघताना म्हणाली, 'ते आपले फोटो पाठव हां.' नंबर दिला नाही, मीही मागितला नाही. लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तिचा नंबर दिसतोय. रोज मेसेज टाइप करतो आणि पुसतो. ताईला सांगितलं तर ती म्हणते, 'मीच विचारते तिला, घरातलीच तर आहे.' ताईला विचारू देऊ का मी मेसेज करू? ग्रुपमधून नंबर घेतलेला बरा दिसेल का? आता उशीर झालाय का? आणि ती नाही म्हणाली तर दोन्ही घरांत कायमचं अवघडलेपण येईल याची सगळ्यात जास्त भीती वाटते."

प्रिय मित्रा,

आधी ताईचं बोलू, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांत मला तोच सगळ्यात नाजूक वाटतो आणि तिथे गडबड झाली की बाकी मेसेज कितीही छान लिहिलास तरी उपयोग नाही. ताईचं मन चांगलं आहे, तिला तुझं भलं व्हावंसं वाटतंय, यात शंकाच नाही. पण ती विचारेल म्हणजे नक्की काय होईल ते जरा डोळ्यासमोर आण. ती तिला फोन करेल किंवा कुठेतरी एकटी गाठेल आणि म्हणेल, "अगं माझा आतेभाऊ आहे ना, त्याला तू खूप आवडलीस, काय म्हणतेस?" आता त्या मुलीच्या बाजूने ऐक. तिच्यासाठी ताई म्हणजे नवी वहिनी. वहिनीने आपल्या माहेरच्या मुलाबद्दल विचारलं की ते गप्पा मारायचं आमंत्रण राहत नाही, ते सरळ स्थळ होतं. आणि स्थळ म्हटलं की ती आईला सांगणार, आई आपल्या बहिणीला सांगणार, आणि ती बहीण म्हणजे कोण, तर ताईच्या सासूबाई! दोन दिवसांत तिकडे तुझं शिक्षण, नोकरी, स्वभाव सगळ्यावर चर्चा सुरू, आणि तू अजून तिला फोटोसुद्धा पाठवलेले नाहीयेस.

म्हणजे जिच्याशी तुझी एका दिवसाची ओळख आहे तिला तू थेट लग्नाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावतोयस. अशा वेळी कुठलीही शहाणी मुलगी काय करेल? "नको गं वहिनी, सध्या तसला काही विचार नाहीये" म्हणून मोकळी होईल. तो नकार तुला नसेलच, तो त्या दडपणाला असेल, पण तुझ्यापर्यंत येताना तो तुझा नकार बनूनच येणार. हीच मुलगी तुझ्या साध्या मेसेजला कदाचित आनंदाने उत्तर देत बसली असती.

आणि ताईचं काय होईल ते वेगळंच. तिला सासरी जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही. कोण कसं आहे, कुणाशी काय बोलायचं, कुणाला काय खटकतं, हे ती अजून शिकतेय. अशात तिने नणंदेला भावाबद्दल विचारायचं, ती नको म्हणाली तर ते तोंड दाबून गिळायचं, आणि हो म्हणाली नि पुढे तुमचं फिस्कटलं तर "तुझ्या भावाने असं केलं" हे वर्षानुवर्षं ऐकायचं. तुझ्या आवडीचं ओझं तिच्या खांद्यावर टाकू नकोस. तिला आजच फोन कर आणि स्पष्ट सांग, "ताई, तू विचारू नकोस, भावोजींनाही सांगू नकोस, मी माझं बघतो, काही झालं तर तुला सांगेनच." मोघम "राहू दे गं" म्हणू नकोस, कारण "राहू दे" म्हटलं की बहिणींना वाटतं हा लाजतोय आणि त्या दुप्पट जोमाने कामाला लागतात. भावोजींचं नाव घेऊन सांग, कारण तिला वाटेल फक्त नवऱ्यालाच तर सांगितलं, आणि ते त्यांच्या मावसबहिणीला चिडवल्याशिवाय राहणार नाहीत.

आता ते कायमच्या अवघडलेपणाचं. तू धरून चाललायस की ती नाही म्हणाली तर अवघडलेपण येईल. मला वाटतं तसं नसतं. नकार ही दोन माणसांतली गोष्ट राहिली तर पुढच्या फंक्शनला पाच मिनिटं जरा कसंतरी होतं, एकमेकांना हसून बघितलं की तेही जातं. खरं अवघडलेपण येतं ते वीस माणसांना माहीत असतं तेव्हा, म्हणजे तुम्ही दोघं एका खोलीत आलात की काकू कोपराने मामीला ढोसते, तेव्हा. त्यामुळे तुझं काम नकार टाळणं हे नाहीये, ते तुझ्या हातात नाहीच. तुझं काम एवढंच की तिला नाही म्हणायचं असेल तर ते कुणालाही न कळता, कुणालाही कारण न देता म्हणता आलं पाहिजे. नंबर कुठून घ्यायचा, काय लिहायचं, कितीदा लिहायचं, कधी थांबायचं, हे सगळं याच एका गोष्टीवर तपासून बघ, उत्तरं आपोआप मिळतील.

मेसेजकडे जायच्या आधी अजून एक. दिवसभर गप्पा मारल्या हा पुरावा म्हणून धरू नकोस. लग्नघरात दोघांना एका कामावर बसवलं की माणसं छान बोलतात, बोलावंच लागतं, त्यातून ती नवऱ्यामुलाकडची, म्हणजे मुलीकडच्या पाहुण्यांशी नीट वागायची जबाबदारीही तिच्यावर. कपडे छान असतात, मूड छान असतो, सगळेच आपल्या चांगल्या रूपात असतात. पण काम संपल्यावर तिला तुझ्याशेजारी बसायची काही गरज नव्हती. तिच्या बहिणी, मैत्रिणी सगळ्या तिथेच असणार, तरी ती तुझ्याजवळ आली. "फोटो पाठव" पण तिने स्वतःहून म्हटलं. गाड्यांच्या यादीपेक्षा या दोन गोष्टींना मी जास्त किंमत देईन, कारण या तिने कुणी सांगितलं म्हणून केल्या नाहीत. आता यातून तू तिला आवडलास असं सिद्ध होतं का? नाही. एक मेसेज करायला हरकत नाही एवढंच कळतं, आणि आत्ता तुला तेवढंच कळायची गरज आहे.

नंबरचं सांगते. ग्रुपमधला नंबर तिने सगळ्यांना गाड्या आणि वेळा कळाव्यात म्हणून दिलाय, कुणीही पर्सनलला यावं म्हणून नाही, त्यामुळे तुला खटकतंय ते बरोबरच खटकतंय, आणि खटकलं हे चांगलंय. पण तुझ्या बाबतीत एक फरक आहे, तिने फोटो मागितलेत. ते पाठवायचे तर नंबर ग्रुपमधूनच मिळणार हे तिलाही माहीत असणार. तेव्हा तू तो वापरू शकतोस, फक्त लपवाछपवी नको, पहिल्याच मेसेजमध्ये नंबर कुठून घेतला ते लिहून टाक. तुझा नंबर तिच्याकडे सेव्ह नसेल तर तिला वर अनोळखी नंबर दिसेल आणि सोबत ब्लॉक करायचा पर्यायही दिसेल, तेव्हा पहिल्या दोन ओळींत तू कोण ते कळायलाच हवं. डीपीवर गाडी, डोंगर किंवा देवाचा फोटो असेल तर त्या दिवसापुरता तरी चेहरा दिसेल असा लाव, आणि डीपी फक्त सेव्ह केलेल्या नंबरांनाच दिसेल अशी सेटिंग तुझ्याकडे असेल तर तीही बघ, नाहीतर तिला रिकामं गोलच दिसेल.

(हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे असं "फोटो पाठव" नाहीये, नुसतीच ओळख झाली आणि आवडली किंवा आवडला, त्यांनी मात्र ग्रुपमधून नंबर उचलू नये असं माझं मत आहे. त्यांच्यासाठी इन्स्टा बरं. तिथे ओळख नसलेल्याचा मेसेज वेगळ्या रिक्वेस्टमध्ये जातो, समोरच्याने तो स्वीकारेपर्यंत त्याने वाचला का नाही हेही आपल्याला कळत नाही, म्हणजे त्या माणसाला काहीही न बोलता दुर्लक्ष करायची सोय असते. एकच मेसेज, ओळख सांगणारा, आणि मग वाट बघायची. तीन वर्षांपूर्वीच्या ट्रिपचे फोटो शोधून लाइक करत बसायचं नाही, त्याचं नोटिफिकेशन जातं आणि ते बघून कुणालाही बरं वाटत नाही.)

आता फोटो. इथे बरीच मुलं चुकतात. तुझ्याकडे त्या दिवसाचे कितीही फोटो असले तरी तीन किंवा चारच निवड, ज्यात तुम्ही दोघं आहात, किंवा ती आणि अजून कुणीतरी आहे, आणि ज्यात ती बरी दिसतेय. तिच्या नकळत, लांबून, ती एकटीच असलेला काढलेला एखादा फोटो असेल तर तो पाठवू नकोस, तो कितीही सुंदर असला तरी. तुला वाटेल तिला आवडेल, पण तिच्या मनात पहिला विचार येईल की हा मला लांबून बघत होता आणि मला कळलंही नाही. असा फोटो असेल तर खरं म्हणजे तो ठेवूही नकोस. पाठवताना एचडीचा पर्याय निवड, नाहीतर व्हॉट्सॲप फोटो दाबून बारीक करतं आणि प्रिंट काढायची म्हटली तर फाटके दिसतात. आणि पाठवायचं बटण दाबायच्या आधी वरती नाव कुणाचं आहे ते बघ, एकदा नाही दोनदा बघ. ग्रुपमधून तिचा नंबर उघडताना चुकून ग्रुपवरच मेसेज पडणं हे फार सहज होतं. सगळ्यांकडून डिलीट करता येतो, पण "हा मेसेज डिलीट केला" अशी खूण तिथे राहतेच, आणि लग्नाच्या ग्रुपमध्ये अशी खूण दिसली की दहा जण विचारतात काय होतं, आणि तोपर्यंत चार जणांनी वाचलेलंही असतं.

मेसेजची भाषा. तिने तू म्हणायला सुरुवात केलीय ना, मग तूही तू म्हण. परत अहो-जाहोवर गेलास तर तिला वाटेल हा मागे सरकला. (आणि समोरासमोर जर तुम्हीच चाललं असेल तर मेसेजमध्येही तुम्हीच ठेवायचं, "अगं तू म्हटलं तर चालेल ना" हे पहिल्याच मेसेजला विचारायचं नाही, ते बोलता बोलता आपोआप होतं.)

तू रोज काय टाइप करून पुसतोस ते तू लिहिलं नाहीस पण मला अंदाज आहे. एक तर नुसतं "हाय" असेल. अनोळखी नंबरवरून आलेलं नुसतं हाय म्हणजे तिने आधी "कोण?" विचारायचं, मग तू सांगायचं, मग तिने "अच्छा" म्हणायचं, म्हणजे सगळं काम तिच्यावर. "ओळखलंस का?" तर त्याहून वाईट, ती परीक्षा आहे, आणि नाही ओळखलं तर दोघांनाही वाईट वाटणार. किंवा मग तू मोठा परिच्छेद लिहीत असशील, की तुझ्याशी बोलून किती छान वाटलं, असं कुणाशी फार कमी वेळा जुळतं वगैरे. ते खरं असेल, पण एका दिवसाच्या ओळखीवर एवढं वजन टाकलं की समोरच्याला तितक्याच वजनाचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते जमत नाही म्हणून माणूस उत्तरच देत नाही. "त्या दिवशी फार सुंदर दिसत होतीस" हेही आत्ता नको. भेटल्यावर म्हणशील कधीतरी.

मी लिहिला असता तर साधारण असा लिहिला असता: "हाय, मी (तुझं नाव), ताईचा आतेभाऊ, गाड्यांच्या यादीवाला. नंबर लग्नाच्या ग्रुपमधून घेतलाय, तू फोटो मागितले होतेस म्हणून. हे घे, थोडा उशीरच झाला पाठवायला. आणि पोहायचं काय झालं, खोल भागात गेलीस का मग?"

यात काय काय आहे बघ. कोण, नंबर कुठून, कशासाठी, हे सगळं आलं. कौतुक नाही, वर्णन नाही. आणि शेवटी असा एक प्रश्न आहे जो दुसऱ्या कुणालाच विचारता आला नसता, कारण ती पोहायला शिकतेय आणि घाबरते हे तिने तुला सांगितलंय. "बाकी काय चाललंय" या प्रश्नाला सगळे "काही नाही, तू सांग" म्हणतात आणि गप्पा तिथेच संपतात. खोल भागात गेलीस का याला काहीतरी खरं उत्तर आहे, गेले किंवा नाही गेले, आणि दोन्हींनंतर बोलायला जागा आहे. आणि सगळ्यात मुद्द्याचं म्हणजे तिला बोलायचं नसेल तर ती "थँक यू, मस्त आलेत फोटो" एवढंच म्हणून थांबू शकते. तिने काही नाकारलं असं होत नाही, तू काही मागितलंस असंही होत नाही. आधी मजकूर पाठव आणि मग लगेच फोटो, म्हणजे अनोळखी नंबरवरून फोटो आलेत असं तिला आधी दिसणार नाही.

उशीर झालेला नाही. उलट लग्नानंतरचे पहिले चार-पाच दिवस सगळेच दमलेले असतात, सुट्टी संपून कामावर गेलेले असतात, आणि फोन लग्नाच्याच फोटोंनी भरलेला असतो, त्यात तुझा मेसेज हरवला असता. साधारण दोन आठवड्यांपर्यंत फोटो पाठवणं अगदी नैसर्गिक दिसतं. महिना-दोन महिने गेले की मग "आत्ता अचानक का" असा प्रश्न येतो, तरी पाठवता येतोच, पण मग फोटोंच्या आड न लपता सरळच बोललेलं बरं. वेळ संध्याकाळची ठेव, सात ते नऊच्या आसपास. रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून मेसेज आला की मजकूर कितीही सभ्य असला तरी तो वेगळा वाचला जातो.

पाठवलास की फोन बाजूला ठेव. टिका मोजत बसू नकोस. निळ्या झाल्या नाहीत म्हणजे वाचला नाही असं काही नाही, बरेच जण ती सेटिंग बंद ठेवतात. निळ्या झाल्या आणि उत्तर नाही म्हणजे नकार असंही लगेच नाही, माणूस बसमध्ये वाचतो आणि संध्याकाळी उत्तर देऊ म्हणतो आणि विसरतो. ती ऑनलाइन दिसली तरी तुझ्यासाठी ऑनलाइन आलेली नाहीये. उत्तर आलंच नाही तर मात्र दुसरा मेसेज नको, "फोटो मिळाले का?" हासुद्धा नको, कारण ते मिळालेत हे टिकांवरून तुला दिसतंच आणि हे तिलाही माहितीये.

उत्तर आलं तर ते कसं वाचायचं? ती लगेच लिहिते का उशिरा, एक इमोजी टाकते का चार, यावरून काही ठरवू नकोस, ते ज्याच्या त्याच्या सवयीवर असतं. बघायचं एकच, ती परत काही विचारते का, किंवा तू न विचारलेलं काही सांगते का. "हो गेले एकदाची, पण कठडा सोडला नाही, तू सांग, तुला येतं का पोहायला?" हे दार उघडं आहे. "थँक्स, छान आलेत" आणि पुढे काही नाही, तर मग तू "वेलकम" म्हण आणि थांब. मग आठवड्या-दहा दिवसांनी खरंच काही सांगण्यासारखं असेल तर एकदा लिहून बघायला हरकत नाही, तेव्हाही दोन शब्दांचंच उत्तर आलं तर ते तिचं उत्तर आहे असं समज आणि पुढे जाऊ नकोस.

दार उघडं असेल तर आता दुसरी चूक करू नकोस, ती म्हणजे महिनोन्‌महिने गप्पा मारत राहणं. गुड मॉर्निंग, जेवलीस का, रील पाठव, मीम पाठव. त्यात तिला कळत नाही तुझ्या मनात काय आहे, तुला कळत नाही तिच्या मनात काय आहे, आणि एक दिवस तिसऱ्याच कुणाकडून कळतं की तिचं ठरलंय. दोन-तीनदा मोकळ्या गप्पा झाल्या की सरळ विचार. असं काहीतरी: "मला तुझ्याशी बोलायला आवडतंय. एकदा भेटायचं का, आपण दोघंच, शनिवारी संध्याकाळी वगैरे? आणि नको असेल तर बिनधास्त नाही म्हण. ताईला मी काही विचारायला सांगितलेलं नाही, घरीही कुणाला माहीत नाही, त्यामुळे कुणाला काही सांगत बसावं लागणार नाही." ते शेवटचं वाक्य गाळू नकोस. तिच्या डोक्यात हाच विचार आधी येणार की मावशीला कळलं का, वहिनीला माहितीये का, मी नाही म्हटलं तर तिला कसं वाटेल. तो विचार तू आधीच काढून टाकलास की उरतं फक्त तुला भेटायचंय की नाही एवढंच, आणि तिचं जे काही उत्तर येईल ते खरं येईल. "आपण दोघंच" हेही लिही, नाहीतर ती भावाला घेऊन येईल आणि तिघं बसाल एकमेकांकडे बघत. आणि बघ, हे वाक्य खरं असायला पाहिजे, म्हणून तर ताईला आजच फोन कर म्हटलं. ताईला तुझ्या मनातलं माहितीये हे ती विचारेल तेव्हा लपवूही नकोस, "ताईला कळलंय, पण मी तिला गप्प राहायला सांगितलंय" असं सांग.

तिचं उत्तर ओळखायला मात्र थोडं लक्ष लागेल, कारण आपल्याकडे नात्यात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. "बघू", "सध्या जरा बिझी आहे", "भेटू ना सगळे मिळून कधीतरी, दादा-वहिनीला पण घेऊ", हे नाही आहे. गोड शब्दांतलं, पण नाहीच आहे. "या शनिवारी नाही जमणार, पण पुढच्या आठवड्यात चालेल का?" हे हो आहे. दुसरा दिवस तिने स्वतः सुचवला का, एवढंच बघ. सुचवला नसेल तर तू तिसरा, चौथा दिवस सुचवत बसू नकोस.

नाही आलं तर दोन ओळी लिही आणि मनापासून लिही: "काही हरकत नाही, सरळ सांगितलंस ते बरं केलंस. पुढच्या फंक्शनला भेटूच, तेव्हा काही अवघड वाटून घेऊ नकोस." का नाही म्हणून विचारायचं नाही. ग्रुप सोडायचा नाही, तो सोडलास की लोकांना नसलेलं कारण सापडतं. ताईलाही एवढंच सांगायचं की ते काही नाही, विषय संपला, तिच्याविषयी एक शब्दही वाकडा नाही. आणि पुढे कधी समोरासमोर आलात तर तूच आधी जाऊन "काय, कशी आहेस" म्हण, जसं तिच्या भावाला म्हणशील तसंच, आणि मग दुसऱ्यांशी बोलायला निघून जा. पहिली दोन मिनिटं सहज गेली की पुढची सगळी फंक्शनं सहज जातात.

हे तुझ्यासाठी नाही, पण हे सदर वाचणाऱ्या काहींसाठी लिहिणं मला गरजेचं वाटतं. मुलीने नको आहे हे स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा मेसेज करत राहणं, दुसऱ्या नंबरवरून करणं, हा नुसता आगाऊपणा नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो पाठलागाचा गुन्हा आहे. "आम्ही नातेवाईकच आहोत" म्हणून त्यातून सूट मिळत नाही. उलट नात्यातल्या मुलीला तक्रार करणं जास्त अवघड जातं, म्हणून आपण स्वतःच लवकर थांबायचं.

आणि मुली ज्या हे वाचतायत त्यांच्याकडूनही मला असंच विचारणारी पत्रं येतात, फक्त त्यात एक वाक्य जास्त असतं, "मुलीनेच आधी मेसेज केला तर काय वाटेल?" मला विचाराल तर वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही जसंच्या तसं लागू आहे. फोटो, एक नेमका प्रश्न, आणि घरच्यांना मध्ये न घेणं. ज्याला तुम्ही आधी लिहिलंत म्हणून तुमच्याबद्दल वाईट वाटेल, तो माणूस तसा आहे हे पहिल्याच मेसेजला कळलं तर ते तुमच्या फायद्याचंच आहे. फक्त एक काळजी घ्या, अशा मेसेजचा स्क्रीनशॉट बहिणींच्या ग्रुपवर टाकू नका, "बघ गं काय लिहू" म्हणून सुद्धा. लग्नघरातल्या बहिणींच्या ग्रुपवर दोन्हीकडची माणसं असतात.

आणि ती हो म्हणाली तर? मग लगेच कुणाला सांगायची घाई नको. दोन-तीनदा भेटा, लग्नघराबाहेर, साध्या कपड्यांत, कामावरून दमून आलेले असताना एकमेकांशी कसं वाटतं ते बघा. मग घरी कधी सांगायचं, आधी कुणाला सांगायचं, हे दोघांनी मिळून ठरवा, आणि या बाबतीत तिचा शब्द शेवटचा ठेव, कारण तिच्या बाजूला मावशी, वहिनी, दादा सगळे एकाच घरात आहेत आणि त्या घरात पहिली बातमी कशी पोचते याचा त्रास किंवा आनंद तुझ्याआधी तिला होणार आहे. ती तिच्या आईला तुझ्याआधीच सांगून टाकेल असंही होईल, तर वाईट वाटून घेऊ नकोस, तो तिचा हक्क आहे. ताईला मात्र बाहेरून कळायच्या आधी तुमच्यापैकी कुणीतरी स्वतः फोन करा, तिने एवढे दिवस तोंड बंद ठेवलेलं असेल.

तर आज ताईला फोन, उद्या संध्याकाळी फोटो. तीन फोटो आत्ताच निवडून वेगळे ठेव म्हणजे उद्या परत टाइप करून पुसायचं निमित्त मिळणार नाही. आणि पुढे काय झालं ते मला नक्की लिही, तिची परवानगी असेल तरच.